शिखरापासून १८ टक्के घसरण: व्यवस्थापकांनी नियमाप्रमाणे निम्मे समभाग विकावेत का?

गिरणाकाठ, जळगाव

आमच्या पीएमएसच्या, म्हणजे माझ्या नावावरील समभाग सांभाळणाऱ्या सेवेच्या, व्यवस्थापकांचे काल ईमेल आले. मुख्य मजकूर असा: “२८ फेब्रुवारी २०२५ अखेर आपल्या खात्याचे मूल्य शिखरापासून १८ टक्के खाली आले आहे. महिनाअखेरीस घसरण १५ टक्क्यांहून जास्त असल्यास समभागांतील रक्कम निम्म्यावर आणायची, हा आमचा लेखी नियम आहे. त्यानुसार पुढील काही दिवसांत विक्री करून पैसे लिक्विड फंडात ठेवले जातील. मूल्य शिखराच्या १० टक्क्यांच्या आत परतल्यावरच पूर्ण खरेदी पुन्हा होईल. पूर्वीचे शिखर ओलांडेपर्यंत नफ्यातील आमचा वाटा आकारला जाणार नाही.” जून २०२२ मध्ये गुंतवलेले माझे ६० लाख सप्टेंबर २०२४ मध्ये १ कोटीवर गेले होते, ते आज ८२ लाख आहेत. पडत्या बाजारात निम्मे विकणे योग्य आहे का? मी हरकत घ्यावी का?

पांझरा, धुळे

अवश्य घ्यावी. बाजार चढा असताना पूर्ण पैसे गुंतवून ठेवायचे आणि तोच माल स्वस्त झाला की विकायचा, याला जोखीम सांभाळणे म्हणता येणार नाही. दिवाळीपासून घरात साठवलेला कापूस भाव पडल्यावर घाबरून व्यापाऱ्याच्या गाडीत भरणारा शेतकरी आणि हे व्यवस्थापक यांत मला फरक दिसत नाही. त्यांनी निवडलेल्या कंपन्यांचा धंदा बिघडला असेल, तर तसे कंपनीचे नाव घेऊन सांगावे आणि ती कंपनी पूर्ण विकावी. धंदा ठीक असेल, तर केवळ खात्याचा आकडा खाली आला म्हणून चांगल्या आणि वाईट कंपन्या सारख्याच प्रमाणात का विकायच्या? ईमेलमध्ये घसरणीचे कारण सांगणारे एकही वाक्य नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले.

तापीकिनारा, भुसावळ

मी निवृत्त होईपर्यंत मुंबईत एका फंड कंपनीच्या जोखीम विभागात काम करत होते, त्यामुळे अशा नियमांची दोन्ही अंगे जवळून पाहिली आहेत. पांझरादादांची कारणाबद्दलची तक्रार रास्त आहे, पण कापसाची तुलना पटत नाही. हा नियम बाजाराबद्दल काही सांगत नाही, तो व्यवस्थापकांच्या निर्णयांवर घातलेला लगाम आहे. घसरण १८ टक्क्यांवर गेली म्हणजे त्यांचे अंदाज चुकत असण्याची शक्यता वाढली, आणि अशा वेळी त्यांनी स्वतःच्याच खात्रीवर विसंबू नये, म्हणून तो शांत डोक्याने आधी लिहून ठेवलेला असतो.

गिरणाकाठ यांच्याच आकड्यांवर पाहू. ८२ लाखांपैकी ४१ लाख समभागांत राहिले आणि बाजार आणखी २० टक्के पडला, तर खाते ७३.८ लाखांवर येईल. काहीच विकले नाही, तर ते ६५.६ लाखांवर येईल. पहिल्या स्थितीतून १ कोटी गाठायला सुमारे साडेपस्तीस टक्के वाढ लागते, दुसऱ्या स्थितीतून सुमारे साडेबावन्न टक्के. नियमाने नेमके काय विकत घेतले, हे या दोन आकड्यांत दिसते.

तेव्हा हरकत घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी एक तपासावे. हा नियम करारात किंवा सुरुवातीला मिळालेल्या प्रकटन दस्तऐवजात छापलेला आहे का? तेथे तो असेल, तर व्यवस्थापक शब्द पाळत आहेत. तो पहिल्यांदा या ईमेलमध्येच दिसत असेल, तर तो घसरण झाल्यावर सुचलेला निर्णय आहे, आणि त्याला नियमाचा मान देऊ नये.

केळीबाग, रावेर

माझाही प्रश्न याच नियमांचा आहे. मी गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ५२ लाख भरले, आणि आता स्टेटमेंटमध्ये ४२ लाख ६४ हजार दिसतात. पीएमएसला किमान ५० लाख लागतात, असा सेबीचा नियम आहे. म्हणजे मला आता वरचे ७ लाख ३६ हजार भरावे लागणार का? मला तर उलट जूनच्या लागवडीसाठी रोपे आणि ठिबकच्या नळ्या घ्यायला १० लाख काढायचे आहेत.

तापीकिनारा, भुसावळ

भाऊ, येथे चर्चा व्यवस्थापकांच्या स्वतःच्या नियमाची चालली आहे, सेबीच्या नियमाची नाही, पण आपली काळजी दूर करणे आवश्यक आहे. ५० लाखांची अट सुरुवातीच्या रकमेला लागू होते. बाजार पडल्याने मूल्य त्याखाली आले, तर भर घालण्याची सक्ती नाही. मात्र अंशतः पैसे काढताना उरलेली रक्कम त्या किमान मर्यादेच्या खाली जाता कामा नये, म्हणून आपल्याला १० लाख वेगळे काढता येणार नाहीत. उरतो तो खाते पूर्ण बंद करण्याचा मार्ग. पहिल्या वर्षात बाहेर पडल्यास एक्झिट लोड ३ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, म्हणजे आपल्या रकमेवर जास्तीत जास्त १ लाख २८ हजारांच्या आसपास. प्रत्यक्ष दर करारात पाहावा. लागवडीचा खर्च पीककर्जातून भागत असेल, तर तो हिशेब आधी मांडावा.

पांझरा, धुळे

ताई, आपण बाजार पडण्याची बाजू मांडलीत, चढण्याची मांडली नाही. समभागांत ४१ लाख उरले, तर खाते ८२ वरून ९० लाखांवर जायला त्या ४१ लाखांनी ८ लाख कमवावे लागतील, म्हणजे समभाग साडेएकोणीस टक्के वाढावे लागतील. त्यानंतर हे गृहस्थ उरलेली खरेदी करणार. आज ज्या भावाला विकले, त्याहून साडेएकोणीस टक्के चढ्या भावाला परत घ्यायचे, हे ईमेलमध्ये लिहिलेले नाही, पण त्यांच्या नियमाचा अर्थ तोच होतो. काहीच विकले नसते, तर तेवढ्याच चढणीत खाते ९८ लाखांवर असते.

तापीकिनारा, भुसावळ

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि मला विचाराल तर या नियमातील कच्चा दुवा विक्रीत नसून परतीच्या अटीत आहे. विक्रीची अट खात्याच्या मूल्यावर बांधणे समजू शकते. परंतु अर्धे पैसे लिक्विड फंडात बसलेले असताना परतीची अटही त्याच मूल्यावर बांधली, की खाते जणू एका पायावर टेकडी चढते. जी कुबडी काढून घेतली, ती वर पोहोचल्याशिवाय परत मिळत नाही. आम्ही अशा नियमांत परतीची अट निर्देशांकाच्या पातळीवर ठेवत असू, किंवा दर महिन्याला ठरावीक हिस्सा परत गुंतवत असू, त्यामुळे परत येण्याची वेळ खात्याच्या लंगड्या चालीवर अवलंबून राहत नसे.

आणखी एका गोष्टीकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ईमेल म्हणते की “पूर्वीचे शिखर” ओलांडेपर्यंत नफ्यातील वाटा घेतला जाणार नाही. सेबीच्या नियमांत हा वाटा हाय वॉटर मार्कच्या तत्त्वावरच घेता येतो, म्हणजे मूल्याची आधीची खूण ओलांडल्यानंतरच्या नफ्यावरच, पण ती खूण धरताना शुल्क आकारल्याच्या दिवशीचे मूल्य पाहतात, मधल्या काळातील सर्वोच्च मूल्य नव्हे. गिरणाकाठ, आपल्याकडून शेवटचा वाटा कधी घेतला गेला, आणि त्या दिवशी मूल्य किती होते?

गिरणाकाठ, जळगाव

स्टेटमेंट काढून पाहिले. ३१ मार्च २०२४ रोजी, मूल्य ९० लाख असताना. त्यांचा वाटा नफ्याच्या १५ टक्के ठरलेला आहे.

तापीकिनारा, भुसावळ

तर मग करारानुसार आपली खूण ९० लाखांची आहे, १ कोटीची नाही. खाते ९० वरून १ कोटीवर परत आले, तर करारातील किमान परताव्याची अट सोडून पाहता त्या १० लाखांवर दीड लाखांपर्यंत वाटा लागू शकतो, जरी आपण सप्टेंबरमध्ये हेच १ कोटी एकदा पाहिलेले असले तरी. ईमेलमधील वाक्य मात्र ऐकणाऱ्याला १ कोटीचा भरवसा देते. व्यवस्थापकांनी ते सद्भावनेने लिहिले असेल, पण “शिखर” म्हणजे कोणता आकडा, हे आपण त्यांच्याकडून रुपयांत लिहून घ्यावे. त्यांनी १ कोटी लिहून दिले, तर ईमेल भारी ठरेल की करार, याबद्दल माझे मत करार असे आहे, पण त्यावर वकिलाचा सल्ला घ्यावा. ठरावीक व्यवस्थापन शुल्क मात्र या सगळ्यात चालूच राहील.

म्हणूनच रागाच्या भरात खाते बंद करून दुसरीकडे जाणाऱ्यांनीही विचार करावा. नव्या खात्याची खूण नव्या रकमेपासून सुरू होते, आणि ८२ पासून ९० लाखांपर्यंतची जी वाट आपल्याला आज वाटा न देता चालता येते, ती तेथे शुल्कासह चालावी लागेल.

अमळनेरकर

एक कराची बाजू. म्युच्युअल फंडात फंडाने आत विकले तर आपल्याला कर लागत नाही, पण पीएमएसमध्ये समभाग आपल्याच डिमॅट खात्यात असतात, त्यामुळे ही निम्मी विक्री आपली विक्री धरली जाते. गिरणाकाठ यांच्या विकलेल्या समभागांत, समजा, ९ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा निघाला आणि दुसरा असा नफा नसला, तर १ लाख २५ हजार वजा करून उरलेल्या ७ लाख ७५ हजारांवर १२.५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ हजार रुपये आणि वर उपकर. वर्षाच्या आतील नफ्यावर २० टक्के. तोट्यातील समभाग आधी विकले, तर हा भार घटतो, हे व्यवस्थापकांना सुचवण्यास हरकत नाही. विक्री १५ मार्चच्या आगाऊ कराच्या हप्त्याआधी होणार की नंतर, हेही विचारून घ्यावे, कारण नंतर झाली तर कर ३१ मार्चपर्यंत भरून व्याज टाळता येते. ईमेलमध्ये कराचा उल्लेख नाही. छोट्या व्यवस्थापकांच्या पत्रांत तो बहुधा राहून जातो.

पांझरा, धुळे

आणि छोट्या कंपन्यांचे समभाग “काही दिवसांत” विकणार कसे? ज्या समभागाची रोजची उलाढाल थोडी आहे, तो सगळ्या ग्राहकांच्या खात्यांतून एकाच वेळी विकायला निघाला, तर भाव आपणच पाडणार. त्यातून एखादा लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला लागला, तर तो विकताच येणार नाही, मग चांगले, सहज विकले जाणारे समभाग आधी जातील आणि अडकलेला माल आपल्याकडे उरेल. निम्म्यावर आणल्यानंतर यादीत काय शिल्लक आहे, हे विक्रीच्या आकड्याइतकेच पाहावे.

गिरणाकाठ, जळगाव

मूळ करार पाहिला. १५ टक्क्यांचा नियम त्यात आहे, परतीची १० टक्क्यांची अट मात्र नाही, ती ईमेलमध्येच आली आहे. खाते डिस्क्रिशनरी असल्याने विक्रीला माझी परवानगी लागत नाही, त्यामुळे विक्रीवर हरकत घेणार नाही. परतीची अट कोठून आली, ती निर्देशांकावर का बांधली नाही, शिखर म्हणजे ९० लाख की १ कोटी, आणि विक्रीनंतर कोणते समभाग उरतील, एवढे आज लेखी विचारले आहे.

पांझरा, धुळे

परतीची अट करारात नसेल, तर ती बदलून घेण्याचा आग्रह धरावा. विक्रीबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.