ऐनवेळी टांग देणाऱ्या मैत्रिणीला सांगायचं की गिळायचं?

पायरीवरची: शाळेपासूनची मैत्रीण, 22 वर्षं झाली. जानेवारीपासून 6 वेळा भेटायचं ठरलं, 5 वेळा तिने ऐनवेळी टांग दिली. परवा शनिवारी कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहाला नाटकाचा साडेनऊचा प्रयोग, दोन्ही तिकिटं माझ्याकडे, मी पायऱ्यांवर उभी आणि 9:10 ला मेसेज, "सॉरी गं, खूप दमलेय, आज नाही जमणार". मला ही मैत्री एकतर्फी वाटायला लागलीये. तिला सांगू का? आणि भांडण न होता कसं सांगू?

निवांत_पेठकर: खऱ्या मैत्रीत हिशेब नसतो ताई. 5 काय नि 6 काय, मोजता कशाला? द्या सोडून.

कोथरूड_डेपो: हे "खऱ्या मैत्रीत हिशेब नसतो" वाचलं की डोकं सणकतं माझं, म्हणून लांबलचक लिहितोय. काका, हिशेब नसतो असं नेहमी तोच म्हणतो ज्याच्याकडे बाकी निघते. माझा एक मित्र, दर ट्रेकला आदल्या रात्री अकराला फोन, "अरे उद्या नाही जमत". मी दरवेळी "चालतंय रे". तीन वर्षं चालतंय चालतंय केलं आणि एक दिवस तो चहाला दहा मिनिटं उशिरा आला तर त्याच्या बायकोसमोर मी जे काही बोललो त्यात तीन वर्षांचे सगळे ट्रेक निघाले. त्याला कळेचना की दहा मिनिटांसाठी हा एवढा का पेटला. त्याचंही बरोबर होतं, त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. आज चार वर्षं बोलणं बंद आहे.

तेव्हा ताई, सांगाच. पण मेसेजवर नको आणि ज्या दिवशी टांग दिली त्या दिवशीही नको. चार-पाच दिवस जाऊ द्या, फोन करा. आणि "तू नेहमीच असं करतेस" म्हणू नका, त्यावर समोरचा लगेच "नेहमी कुठे, मेमध्ये आले होते की" काढतो आणि मग मेवरच भांडण. एकच प्रसंग घ्या, शनिवारचा. "मी वीस मिनिटं पायरीवर होते, शेजारची खुर्ची अख्खा प्रयोग रिकामी होती, राग गेलाय पण वाईट वाटणं गेलं नाही. मला वाटायला लागलंय की भेटायची हौस मला एकटीलाच उरलीये. तसं आहे का गं?" एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड आहे.

सातारा_रोडची_मावशी: प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. तिकीट जपून ठेवा आणि खिडकीवर दाखवा.

कोथरूड_डेपो: मावशी, प्रयोग झाला. मैत्रीण रद्द झाली.

वाकडचा_वाटसरू: मावशींनी पैशाचं काढलं ते बरंच केलं. तिकिटाचे पैसे मागा ना सरळ! 400 असतील तर 400. एकदा जीपे करायला लागले की पुढच्या वेळी आपोआप येईल. आमच्या टर्फच्या ग्रुपमध्ये नियमच आहे, दुपारनंतर नाही म्हणालास तर तुझा हिस्सा भर.

घड्याळजी: अर्धं बरोबर, अर्धं घातक. इस्रायलमध्ये हैफा गावात 10 पाळणाघरांवर केलेला एक अभ्यास 2000 साली छापून आला होता. त्यातल्या 6 ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या आईबापांना दंड लावला. उशीर कमी व्हायचा सोडून जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढून टाकल्यावरही खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवलं याची लाज वाटायची, दंड आल्यावर लोक म्हणाले पैसे भरतोय की. तुमच्या टर्फवर चालतं कारण तिथे 14 जणांचा खर्च वाटून घ्यायचाय. इथे 400 आले की तिच्या मनातून विषय संपला आणि ताईंच्या मनात तसाच.

वाकडचा_वाटसरू: म्हणजे इस्रायलच्या पाळणाघरासाठी पुण्याच्या बाईने 400 रुपये सोडायचे? वा. आणि तुम्ही कोथरूडवाले नाटक कोथरूडलाच ठेवणार, शनिवारी रात्री वाकडहून येऊन दाखवा एकदा, मग बोलू मैत्रीवर. ती लांब राहत असेल तर?

पायरीवरची: ती कर्वेनगरला राहते.

वाकडचा_वाटसरू: बरं. मग तिला काही बहाणा नाही. पण 400 मागाच.

निवांत_पेठकर: 400 रुपयांवरून धागा चाललाय आणि म्हणे मैत्री.

घड्याळजी: पैसे मागू नका असं म्हणतच नाहीये मी, ते हक्काचे आहेत. फक्त तो विषय आणि हा विषय एका फोनमध्ये नको.

मीच_ती: सगळे तिला झोडताय म्हणून लिहितेय. मी ती टांग देणारी मैत्रीण आहे, म्हणजे यांची नाही, दुसऱ्या कुणाची तरी. माझ्या सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. वार ठरलेले असतात पण त्या दिवशी घरी आल्यावर माणूस कसा असेल हे ठरलेलं नसतं, कधी बीपी उतरतं, कधी नुसते झोपतात. मंगळवारी मी "हो येते" म्हणते ते खरंच मनापासून असतं. एका मैत्रिणीने मला सगळ्या तारखा वाचून दाखवल्या, चार्जशीटसारख्या. मी माफी मागितली आणि त्यानंतर तिचा फोन उचलला नाही. तिने एकदा विचारलं असतं "घरी काय चाललंय" तर पुरलं असतं.

कोथरूड_डेपो: वाईट वाटलं वाचून. पण एक विचारू? तिला तुम्ही सांगितलं होतं का डायलिसिसचं?

मीच_ती: …सगळं नाही. सारखं तेच रडगाणं कोण ऐकवणार.

कोथरूड_डेपो: मग तिने ओळखायचं कसं? असो. तारखा वाचून दाखवू नयेत हे मात्र मान्य, शंभर टक्के. मोजायचं ते स्वतःपुरतं. आणि नुसत्या टांगा मोजून काही कळत नाही, टांग दिल्यावर पुढची भेट कोणी ठरवली ते बघायचं. पाचही वेळा रद्द करून "पुढच्या रविवारी तुझ्याकडे येते" तीच म्हणाली असेल तर ती अडकलीये. दरवेळी पुन्हा तुम्हीच विचारलं असेल तर गोष्ट वेगळी.

पायरीवरची: पाचपैकी एकदा तिने ठरवलं. बाकी मीच.

घड्याळजी: मग बोलायलाच हवं, आणि बोलताना एकच मागणी ठेवा. "येत जा" ही मागणी नाही, ती तिच्या हातात नसेलही. "नक्की नसेल तर बघते म्हण, हो म्हणू नकोस" ही मागणी आहे. बघते म्हणाली की तुम्ही तिकीट काढणार नाही, चहाला बोलवाल, आली तर आली. अजून एक, ती बहुतेक रडेल, "मी आहेच वाईट" म्हणेल, आणि तुम्ही "नाही गं, तसं नाही" करत तिलाच समजावत बसाल. माझ्या बहिणीचं तेच झालं, छान गळाभेट झाली आणि मागणी राहूनच गेली, पुढच्या महिन्यात पुन्हा टांग. रडू द्या, पण मागणी सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

निवांत_पेठकर: एवढी तयारी तर आम्ही मुलगी बघायला जातानाही केली नव्हती. ठीक आहे, शनिवारी पायरीवर उभं करणं बरं नाही, तेवढं मान्य. बाकी नाही.

पायरीवरची: काल रात्री फोन केला. पायरीचं सांगितलं आणि गप्प बसले, ती इतका वेळ काही बोलेना की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तू दरवेळी चालतं गं म्हणायचीस, मला खरंच वाटलं चालतं". रडली नाही, उलट जरा चिडलीच, म्हणाली आधी का नाही बोललीस. बघते-बद्दल सांगितलं तर "बरं" म्हणाली. घरी काय चाललंय तेही विचारलं, त्यावर "भेटू तेव्हा बोलू" म्हणाली. रविवारी सकाळी येते म्हणालीये.

मीच_ती: "येते" म्हणाली की "बघते"?

पायरीवरची: येते.

वाकडचा_वाटसरू: आणि 400?

पायरीवरची: 350 होते. नाही मागितले.