दोन हजार युरो पाठवले, पोचले किती?

अमळनेर (धागा काढणारा)
मुलगा जर्मनीत शिकतो. अधूनमधून त्याला 2,000 युरो पाठवतो. मागच्या वेळी शाखेत विचारलं, चार्ज किती? "पाचशे अधिक जीएसटी." स्वस्तच वाटलं. चार दिवसांनी पोराचा मेसेज, "बाबा, 1,982 च आलेत." म्हटलं, मन्हा पैसा कोठे गया भो! मग वही घेऊन बसलो.

हिशेब सोपा जावा म्हणून मोबाईलवरचा बाजारभाव 100 रुपये धरतो, बाकी आकडे त्याच प्रमाणात. बँकेने भाव लावला 102.10. म्हणजे 4,200 रुपये तिथेच गेले, आणि पावतीवर ते 'चार्ज' म्हणून कुठेच नाहीत. वर फीचे 590 आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी 274. खात्यातून एकूण गेले 2,05,064. त्याला 1,982 ने भागलं तर युरो पडला 103.46 ला. पाचशेची फी म्हणजे यातला चिल्लर भाग निघाला.

तुमचाही असाच आकडा सांगा, आणि किती दिवस लागले तेही. कंपनीचं नाव नको.

चाळीसगाव
मी लेकीला ऑनलाइन कंपनीतून पाठवते. त्यांची फी 1,500, बघूनच आमचे हे म्हणाले, लूट आहे. पण तुमच्या 100 च्या मापात त्यांचा भाव 100.70 होता आणि 2,000 चे 2,000 पोचले. जीएसटीसकट 2,03,441 गेले, म्हणजे 101.72. फक्त पहिल्या वेळी सहा दिवस लागले. पॅनवर माझं नाव सासरचं, बँकेत माहेरचं. तोवर लेकीने भाड्याचे पैसे मैत्रिणीकडून उसने घेतले. दुसऱ्या खेपेला दोन दिवसांत काम झालं.

दोंडाईचा
भाऊ कुवेतहून दर महिन्याला पाठवतो, आम्हाला तर काहीच कापून येत नाही. तुम्ही त्याच्यासारखं का नाही करत?

अमळनेर
दादा, तुमचा पैसा येतो, माझा जातो. पण भावाला विचारा, किती दिनार दिले आणि त्या दिवशी भाव काय होता. कापलेलं भावातच असेल.

जळगाव (नोकरीत असताना फॉरेक्सचं टेबल सांभाळलेला)
18 युरो मधल्या बँकेने घेतले. आपली बँक थेट तिकडच्या बँकेला पैसे देत नाही, मध्ये एखादी बँक असते, ती आपला वाटा रकमेतूनच कापते. फॉर्मवर चार्जेसच्या रकान्यात SHA असेल तर हे होणारच. OUR लिहिलं तर तो खर्च इथे वेगळा भरायचा. कॉलेजची फी भरताना OUR च लिहा, नाहीतर दहा-वीस युरो कमी पडले म्हणून फी अपुरी दाखवतात. ऑनलाइनवाले पुष्कळदा तिकडच्या आपल्या खात्यातून देतात, म्हणून पूर्ण पोचतात.

दुसरं, तालुक्याच्या शाखेत सही केली त्या वेळचा भाव मिळेलच असं नाही. कागद मोठ्या शाखेत जातात आणि तिथे सौदा होईल तेव्हाचा भाव लागतो. आणि 102.10 हा बोर्डावरचा भाव. रक्कम मोठी असेल तर मॅनेजरला भाव कमी करून मागा. मागणाऱ्याला मिळतो, गप्प बसणाऱ्याला बोर्डावरचाच.

भुसावळ
सरळ उपाय, वर्षाचे पैसे एकदम पाठवा. स्वस्त पडतं. मात्र सरकार 20 टक्के कापतं.

जळगाव
अर्धं बरोबर. फी आणि मधल्या बँकेची कपात एकदाच लागते. पण भावातला फरक प्रत्येक युरोवर आहे, तो एकदम पाठवून कमी होत नाही. कापणं म्हणजे टीसीएस. एप्रिल 2025 पासून ते आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवरच लागतं, आणि शिक्षणासाठी दर वेगळा, बराच कमी आहे. म्हणून फॉर्मवर पैसे कशासाठी ते नीट लिहा. शिवाय ते रिटर्नमध्ये वळतं होतं, त्याला खर्च धरू नका. तोवर पैसा अडकतो एवढंच.

धुळे
माझं उलट दुखणं. भाचीला 200 युरोच पाठवायचे होते. बँकेतून 590 आणि मध्ये 18 युरो गेले, तर दहा टक्क्यांहून जास्त फीतच संपले! एवढ्याशा रकमेला भाव बघायचीही गरज नाही, फीच बघावी. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दुपारी उशिरा पाठवले. तिकडे शुक्रवार बंद, ईस्टरचा सोमवारही बंद. मंगळवार उजाडला. 1 मे ला तर इकडे महाराष्ट्र दिन आणि तिकडेही बँका बंद, ते लक्षात ठेवा.

अमळनेर
शाखेत जाऊन आलो. OUR चे 1,400 मागतात, 18 युरो वाचतील. भाव मात्र "वरून ठरतो" म्हणाले. जळगावकर, हे "वर" नेमकं कुठे बसतं तेवढं सांगा.