मदत हवी आहे: मे महिन्यातले पैसे गणपतीपर्यंत पुरत नाहीत, बजेट कसं बसवायचं?

देवबागची_सून:
आमचा देवबागला ३ खोल्यांचा होमस्टे आहे, जेवणखाण मी आणि सासूबाई बघतो. बाजार, मासे, लाँड्री, लाइटबिल सगळं वजा जाऊन हातात राहिलेले पैसे गेल्या वर्षीच्या वहीतून काढलेत. ऑक्टोबर ३०,०००, नोव्हेंबर ५५, डिसेंबर ७५, जानेवारी ४५, फेब्रुवारी २५, मार्च २०, एप्रिल ४५, मे ९०, जून ८, जुलै शून्य, ऑगस्ट ५, सप्टेंबर १२ हजार. म्हणजे वर्षाचे ४,१०,००० होतात, महिन्याला ३४ हजार पडतात, तेवढ्यात आमचं आरामात भागायला हवं. पण मे मध्ये हात सैल सुटतो आणि गणपतीच्या आधी दागिना गहाण पडतो, सलग २ वर्षं हेच झालंय. आता जून लागलाय, खात्यात ७०,००० आहेत. बाजूला किती ठेवायचे आणि घरात किती वापरायचे?

शहाळं_७:
ताई, ६ महिन्यांचा घरखर्च एफडीत टाका आणि विसरून जा, सगळे हेच सांगतात.

खाडीपलीकडचा:
आमची ट्रॉलर हा, १ जून ते ३१ जुलै बंदी, त्याच दोन महिन्यांत जाळी आणि इंजिनाचा काम निघता. तुम्ही पावसात मसाले, कोकम आगळ विका ना, घरबसल्या पैसे येतील.

देवबागची_सून:
दादा, आगळ करतोच, त्याचे पैसे जूनच्या ८ हजारांत धरलेत. प्रश्न आलेले पैसे वाटून कसे घ्यायचे हा आहे.

वहीखाते:
मी पतसंस्थेत २० वर्षं काढली, हंगामी धंदेवाल्यांच्या वह्या पुष्कळ बघितल्यात. ३४ हजार हा आकडा तुम्हाला फसवतोय, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात अजून वजाच झालेले नाहीत. ते किती?

देवबागची_सून:
जूनमध्ये शाळेचे २४,०००, गणपतीचे २०,०००, सप्टेंबरअखेर कौलं आणि रंगकाम ४०,०००, मार्चमध्ये विमा आणि घरपट्टी १४,०००.

वहीखाते:
हे झाले ९८,०००. उरले ३,१२,०००, म्हणजे महिन्याला २६. त्यातले २४,००० दर १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात टाका, मे असो की जुलै, तोच तुमचा पगार. पाहुण्यांचे पैसे दुसऱ्या खात्यात येऊ द्या आणि त्या खात्याचं यूपीआय बाजारात वापरू नका, एकच खातं असलं की मे मधला मोठा आकडा बघून माणूस खर्च करतोच.

आता बाजूला किती, तर पावसाळ्याचा खड्डा मोजायचा. २४ हजारांना जूनमध्ये १६ कमी, जुलैत २४, ऑगस्टमध्ये १९, सप्टेंबरमध्ये १२, झाले ७१,०००. त्याच चार महिन्यांत शाळा, गणपती आणि रंगकामाचे ८४,०००. म्हणजे ३१ मे च्या रात्री खात्यात १,५५,००० हवेत. तुमच्याकडे ७० होते, दागिना तिथेच गेला.

शहाळं_७, तुमचे ६ महिने म्हणजे १,४४,०००, आकडा जवळ आला तो योगायोगाने. शिवाय एकच मोठी एफडी जुलैत मोडली तर व्याज कापलं जातं, त्यापेक्षा ३०-३५ हजारांच्या वेगवेगळ्या करा आणि लागेल तेवढीच मोडा.

देवबागची_सून:
एवढे साठतील का पण? आणि दिवाळीचे ॲडव्हान्स सप्टेंबरातच येतात, त्यावर मी रंगकाम काढते.

वहीखाते:
ऑक्टोबर ते मे तुमचे ३,८५,००० येतात. ८ पगारांचे १,९२,००० आणि मार्चचे १४,००० गेले तरी १,७९,००० राहतात, म्हणजे खड्डा भरून २४,००० वर. ॲडव्हान्सला मात्र पाहुणा राहून जाईपर्यंत हात लावू नका, बुकिंग रद्द झालं तर परत द्यावे लागतात आणि तेव्हा ते भिंतीवर लागलेले असतात. वहीत वेगळ्या पानावर लिहा.

या वर्षी ८५,००० कमी आहेत, ते जादूने येणार नाहीत. पावसाळ्यापुरता पगार १८ करा, त्यातून २४ वाचतील. रंगकामात या वर्षी फक्त गळणारी कौलं बदला.

देवबागची_सून:
१८ मध्ये सासूबाईंची औषधं धरून ओढाताण होईल, पण करून बघते. कौलांचे १५,००० तरी होतीलच, म्हणजे रंगाचे २५ वाचले. तरी ३६ कमीच.

शहाळं_७:
आणि मे च बुडाला तर? २०२० ला लॉकडाऊन, २०२१ ला तौक्ते, दोन्ही मे मध्येच.

वहीखाते:
खरंय. एका मे चे ९० हजार वेगळे हवेत, पण वरच्या २४ मधून ते जमायला जवळजवळ ४ वर्षं लागतील. तोपर्यंत काय, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

देवबागची_सून:
उरलेल्या ३६ साठी बचत गटाकडून कर्ज घेऊ की दागिनाच ठेवू? गटाचा हप्ता जुलैपासूनच सुरू होतो आणि जुलैत आमचं येणं शून्य आहे, सोनं ठेवलं तर डिसेंबरात सोडवता येतं. कोणी दोन्ही केलंय का?