शब्दचर्चा: स्टॉकच्या नोंदीत ‘परतावा’, ‘खराब’, ‘बाद’ आणि ‘क्वारंटाईन’

हिमरूवाली (छत्रपती संभाजीनगर)
आम्ही हिमरूचे स्टोल आणि शाली ऑनलाइन विकतो. स्टॉकची शीट आजवर इंग्रजीत होती. परत आलेले डबे ज्या दोघी उघडतात त्यांना ती स्वतः भरता यावी म्हणून रकाने मराठीत करायला घेतलेत. ‘विक्रीयोग्य’वर एकमत झालं. अडलंय ते रिटर्न, डॅमेज आणि क्वारंटाईनपाशी. सध्या मी ‘परतावा’, ‘खराब’ आणि ‘विलगीकरण’ असं लिहिलंय, पण भरताना गोंधळ होतोय. अत्तराचा डाग पडलेला एक स्टोल आला. एकीने तो ‘खराब’मध्ये लिहिला, दुसरीने ‘विलगीकरण’मध्ये. विचारलं तर दोघींचंही म्हणणं पटतं. म्हणजे चूक शब्दांतच आहे. काय लिहावं?

परभणीचे मास्तर
‘परतावा’ आधी काढून टाका. हा पैशांचा शब्द आहे. आयकराचा परतावा, ठेवीवरचा परतावा असं आपण म्हणतो. दुकानात परत आलेल्या साडीला कुणी परतावा म्हणत नाही. ‘परत आलेला माल’ हे लांब वाटत असेल तर ‘परत माल’ लिहा, कुणाचंही अडणार नाही.
क्वारंटाईनचं मूळ इटालियन भाषेत आहे, चाळीस या आकड्यात. साथीच्या भीतीने व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस थांबवून ठेवत. तेव्हा या शब्दात ठरलेली मुदत आलीच. माल अमुक दिवस बाजूला ठेवायचा आणि मग विक्रीला काढायचा, असा अर्थ घ्यावा. ‘विलगीकरण’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तोच ठेवा.

वसमतची हळद
परताव्याचं मलाही विचारायचं होतं. ग्राहकाने हळदीचं पाकीट परत केलं की त्याचे पैसे लगेच कापले जातात, पण पाकीट पंधरा-पंधरा दिवस येत नाही. हे पैसे थांबवून ठेवता येतात का?

हिमरूवाली
दादा, मी पैशांचं नाही, मालाच्या नोंदीचं विचारतेय. पण तुमच्या प्रश्नावरून मास्तरांचा मुद्दा मात्र पक्का झाला. ‘परतावा’ वाचून तुम्हाला पैसेच आठवले.

वाळूज गोदाम
मी औषधांच्या गोदामात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
मास्तर, मूळ तुम्ही म्हणता तसंच आहे, पण गोदामात हा शब्द मुदतीवर चालत नाही. आमच्याकडे कच्चा माल आला की त्यावर पिवळं लेबल लागतं. तपासणीत पास झाला की हिरवं, नापास झाला की लाल. पिवळं लेबल दोन दिवसांत निघेल किंवा दोन महिने राहील. ते काढतो तपासणाऱ्याचा निर्णय, कॅलेंडर नाही. पिवळ्या लेबलचा माल आमच्या मालकीचा असतो, साठ्याच्या बेरजेत असतो, पण त्यातलं एक पोतंही उत्पादनाला द्यायची परवानगी नसते. हिशेबात आहे, वापराला नाही, एवढाच क्वारंटाईनचा अर्थ.
ताई, तुमच्या दोघींचं भांडण यातूनच आलंय. ‘खराब’ म्हणजे माल कसा आहे, ‘विलगीकरण’ म्हणजे त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. डागाचा स्टोल खराबही आहे आणि निर्णयाची वाटही बघतोय. हे दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकाच ओळीतल्या दोन रकान्यांत भरायला लावताय. मागच्या एखाद्या खेपेचे आकडे दिलेत तर दाखवतो.

हिमरूवाली
एकाच डिझाइनचे देते. विक्रीयोग्य 120 होते. 30 पाठवले, राहिले 90. पाठवलेल्यांपैकी 7 जणांच्या रिटर्नचे मेसेज आले आणि शीटमध्ये 97 झाले. पोर्टलवरही 97 दिसू लागले. मोजले तर कपाटात 93. चार कमी पडले, आणि तेवढ्यात ऑर्डर येतच होत्या. शेवटच्या चार ऑर्डर आमच्याकडून रद्द कराव्या लागल्या.
सातांचा हिशेब असा: दोन अजून कुरिअरकडे. तीन बंद डब्यात जसेच्या तसे परत, ग्राहक घरी सापडलाच नव्हता. एक डागाचा. आणि एका डब्यात आमचा स्टोल नव्हताच, कुणाचा तरी जुना दुपट्टा निघाला.

वाळूज गोदाम
मेसेज आला त्या क्षणी तुमच्या शीटने सातही स्टोल विकायला काढले. मेसेज म्हणजे माल नाही. तो फक्त ‘वाटेत’ या रकान्यात जाऊ द्या. डबा दारात आला की ‘वाटेत’मधून वजा, ‘तपासणीत’मध्ये जमा. डबा उघडून, स्टोल पूर्ण उलगडून बघितला की मग ‘तपासणीत’मधून वजा आणि जिथं जायचा तिथं जमा. एका वेळी एकच पाऊल, आणि दर पावलाला एका रकान्यात वजा तर दुसऱ्यात जमा.
या रीतीने आज तुमची नोंद अशी दिसली असती: विक्रीयोग्य 93, वाटेत 2, तपासणीत 1. दुपट्टा या तिन्हींपैकी कुठेच नाही, कारण तो तुमचा माल नव्हे. पोर्टलला जाणारा आकडा फक्त पहिला.
आणि ग्राहक सापडला नाही म्हणून परत आलेले बंद डबेही ‘तपासणीत’मधूनच जाऊ द्या. डबा बंद दिसतो म्हणून सरळ कपाटात ठेवायचा मोह होतो. निदान वजन करा, टेप एकावर एक दोनदा लावलेली आहे का बघा. अदलाबदल वाटेतही होते.

लातूरचा हिशेब
मी टॅलीत बऱ्याच दुकानदारांची पुस्तकं लिहितो. एवढं अवघड करायची गरज नाही. क्रेडिट नोट केली की विक्री उलटते आणि माल आपोआप स्टॉकला जमा होतो. कायद्यानेही तेच अपेक्षित आहे. ज्या वर्षातली विक्री, त्याच्या पुढच्या 30 नोव्हेंबरच्या आत, आणि वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर त्याआधी, क्रेडिट नोट दाखवली नाही तर भरलेला कर कमी करून मिळत नाही. तेव्हा ‘परत माल’ हा एक शब्द पुरे, बाकीचे रकाने कशाला?

वाळूज गोदाम
भाऊ, कराची बाजू तुमची बरोबर. पण ‘आपोआप जमा’ कुठे होतो ते बघा. क्रेडिट नोट करताना गोदाम निवडावं लागतं. ‘मुख्य गोदाम’ ठेवलंत तर डागाचा स्टोलसुद्धा विक्रीयोग्य झाला. टॅलीत ‘तपासणी’ नावाचं वेगळं गोदाम उघडा आणि जमा तिथं करा. तपासून झाल्यावर `Alt+F7`ने स्टॉक जर्नल टाकून पुढे हलवा. मग तुमचे रुपये आणि ताईंचे नग दोन्ही जुळतील. आणि ज्या डब्यात दुपट्टा निघाला त्याची क्रेडिट नोट झाली, तर स्टॉक जमा करून चालेल का?

लातूरचा हिशेब
नाही. तिथं पैसे उलटतील, नग उलटणार नाही. हे मान्य. वेगळ्या गोदामाचंही पटलं.
पण मग माझ्याकडून एक शब्द घ्या: ‘बाद’. ‘खराब’ आणि ‘बाद’ एक समजू नका, हिशेबात त्यात पैशांचा फरक आहे. ताईंच्या डागाच्या स्टोलचं धरा. खरेदी 600 रुपये, 60 रुपयांत ड्रायक्लीन, आणि हलका डाग राहिल्याने ‘दुय्यम’ म्हणून 450ला जाईल. मग वर्षअखेरीस तो साठ्यात 600ला दाखवायचा नाही. 450 वजा 60, म्हणजे 390ला दाखवायचा. स्टोल खराब आहे, पण विकला जाणार आहे, त्यामुळे खरेदीवर घेतलेल्या कराच्या वजावटीला धक्का नाही.
तोच स्टोल निर्लेखित केला, म्हणजे हिशेबातून कायमचा काढला, किंवा नष्ट केला, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे ती वजावट परत करावी लागते. 5 टक्क्यांनी 600वर 30 रुपये. एका नगाला किरकोळ वाटतं, वर्षाच्या ढिगाऱ्याला वाटत नाही. विणकर नोंदणीकृत नसेल आणि खरेदीवर वजावट घेतलेलीच नसेल, तर परत करायचाही प्रश्न नाही. स्टॉकच्या हिशेबात हरवलेला, नष्ट झालेला आणि निर्लेखित माल दाखवायला नियम 56 सांगतो, म्हणून ‘बाद’ला स्वतःची तारीख आणि कारण हवं. मुलींना सांगा, ‘बाद’ त्यांनी लिहायचं नाही. ते मालकाने लिहायचं.

हिमरूवाली
हे माझ्या लक्षातच आलं नसतं. म्हणजे ‘खराब’ हा रकाना न ठेवता शेऱ्यात लिहायचा: डाग, धागा निघालेला, वास, लेबल तुटलेलं. आणि माल ज्या रकान्यात राहील तो ‘तपासणीत’.

जालना मोंढा
तुम्ही लोक लई अवघड करायलेत. मोंढ्यात याला शब्द आहे की. माल उतरला, ओल निघाली, व्यापारी म्हणतो हा भाव नाही देणार. मग माल ना शेतकऱ्याच्या गाडीत, ना व्यापाऱ्याच्या ढिगाऱ्यात. त्याला आपण म्हणतो मालाला वांधा लागला. तोडगा निघेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. ‘वांध्यातला माल’ लिहा, गोदामातल्या पोरींना समजावून सांगायचीही गरज पडणार नाही.

परभणीचे मास्तर
फार चांगला शब्द. मुदतीचा आग्रह मी सोडतो. ‘विलगीकरण’ही सोडतो. कोविडात आजारी माणसालाही आणि नुसत्या संपर्कात आलेल्यालाही तोच शब्द लावला गेला, आणि इथं तर नेमका तोच भेद हवाय.

वाळूज गोदाम
‘वांधा’ मला आवडला, पण तो सगळ्याच क्वारंटाईनला बसत नाही. आमच्या पिवळ्या लेबलच्या मालाबद्दल कुणाची तक्रार नसते, तो फक्त तपासायचा राहिलेला असतो. ताईंचे तीन बंद डबेही तसेच. वांधा आहे तो डागाच्या स्टोलला, जिथं कुरिअरवर किंवा ग्राहकावर दावा लावायचाय. माझं मत ‘तपासणीत’लाच. आणि ‘राखीव’ कुणी सुचवू नका. ऑर्डर आली पण पाठवायचा राहिला, तो माल राखीव. तो उद्या जाणारच असतो.

वसमतची हळद
माझा मूळ प्रश्न राहू द्या, तो वेगळा आहे हे कळलं. पण माझ्याकडे हे रकाने चालतील का? पाकीट एकदा ग्राहकाच्या घरात जाऊन आलं की मी ते पुन्हा विकत नाही, सील शाबूत असलं तरी. ते कुठल्या उन्हात, कुठल्या ओलीत पडलं होतं ते मला सांगता येत नाही. मग ‘तपासणीत’ कशासाठी ठेवू?

वाळूज गोदाम
दादा, तुम्ही करताय ते बरोबरच आहे. तुमच्याकडे त्या रकान्यात माल एक दिवस राहील: बॅच नंबर लिहायचा, फोटो काढायचा, दावा लावायचा आणि बाद. पण तो एक दिवस ठेवाच. एकाच बॅचची पाच पाकिटं वेगवेगळ्या गावांहून परत आली, तर गडबड कुरिअरमध्ये नाही, पॅकिंगमध्ये किंवा दळण्यात आहे. पाकीट सरळ कचऱ्यात गेलं तर ते दिसणार नाही. तसं दिसलं तर त्या बॅचचा न विकलेला मालही थांबवा. तो परत आलेला नाही, खराब आहे हे सिद्ध नाही, तरीही क्वारंटाईन आहे.

जालना मोंढा
हे बघा, हा वांधाच झाला.

हिमरूवाली
मी उद्यापासून ‘वाटेत’, ‘तपासणीत’, ‘विक्रीयोग्य’, ‘दुय्यम’ आणि ‘बाद’ असे पाच रकाने लावते. ‘तपासणीत’ शेजारी आल्याची तारीख, म्हणजे आठवडाभर पडून राहिलेला नग दिसेल. मास्तर आणि मोंढ्याचा ‘वांधा’ शेऱ्यात येईल, जिथं दावा लावलाय तिथंच.
एक मात्र सुटलं नाही. त्या जुन्या दुपट्ट्याला काय म्हणायचं? तो आमचा नाही, पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत फेकताही येत नाही, पुरावा आहे.

लातूरचा हिशेब
‘परका माल’ लिहा. किंमत शून्य, नग एक, आणि तो साठ्याच्या बेरजेत नको.

परभणीचे मास्तर
‘परका’पेक्षा ‘ठेव’ बरा वाटतो. आपला नाही, पण सांभाळायची जबाबदारी आपली.

लातूरचा हिशेब
सर, ‘ठेव’ लिहिलं तर ऑडिटर पैसे शोधत बसेल.