मदत हवी आहे : किडीने व डागांनी गेलेली अक्षरे लिप्यंतरात कशी दाखवावीत?

अमळनेरकर
नमस्कार. आमच्या घरच्या कापसाच्या आडतीची एक मोडी वही मी बाळबोधात उतरवून काढत आहे. एका पानावर चार रकमा आहेत. पहिली १२॥ म्हणजे साडेबारा आहे, दुसरीच्या जागी किडीचे आरपार भोक आहे, तिसरी ७। म्हणजे सव्वासात आहे, आणि चौथीवर नेमके चहाच्या कपाचे वर्तुळ उमटल्यामुळे तिथला आकडा ९ वाटत असला तरी १ही असू शकेल. खालची बेरीज ४१। ही स्वच्छ आहे. वरच्या कोपऱ्यात बुरशीचा करडा डाग असून त्याखालच्या दोन ओळी अर्धवट दिसतात. मी काय वाचले आणि काय केवळ ताडले, हे पुढच्या वाचकाला कळेल अशा कोणत्या खुणा कराव्यात?

आडत बाजार
बेरीज स्वच्छ असताना अडचण कसली? ४१। मधून बाकीच्या रकमा वजा केल्या की १२॥ उरतात. ते लिहून मोकळे व्हावे. आमचे दिवाणजी हेच करीत.

मोडीवाचक, धुळे
वजाबाकी बरोबर आहे, पण तीत चौथी रक्कम ९ धरलेली आहे. ती १ असेल, तर भोकात २०॥ येतात. दोन रकमा अनिश्चित असताना एका बेरजेवरून फक्त त्या दोहोंची मिळून २१॥ होतात एवढेच सांगता येते, आणि तेही दिवाणजींची बेरीज चुकलेली नाही असे गृहीत धरून.

म्हणून आधी डाग आणि भोक वेगळे करावेत. चहाच्या वर्तुळाखाली शाई बहुधा शाबूत असते, केवळ तिचा उठाव कमी होतो. पानाचे रंगीत छायाचित्र घेऊन त्यातील फक्त लाल वाहिनी, म्हणजे चित्रातला लाल रंगाचाच भाग, पाहावी. तपकिरी डाग तिथे फिका पडतो आणि काजळाची शाई काळीच राहते. बुरशीच्या डागालाही हा प्रयोग करून पाहावा, मात्र तिथे कागद मऊ पडून शाईसकट सुटत असेल तर बोट किंवा ब्रश लावू नये.

भोकाचे तसे नाही, तिथे अक्षरच उरलेले नसते. पानाखाली कोरा पांढरा कागद सरकवून मगच वाचावे, नाहीतर खालच्या पानावरचे अक्षर भोकातून डोकावते आणि ते याच पानाचे समजून आपण लिहून बसतो. असे पुष्कळदा होते. कोऱ्या जागेतल्या भोकाला खूण करण्याची गरजच नाही.

खुणा मी अशा करतो. गेलेल्या जागेसाठी चौकोनी कंस आणि आत अंदाजे अक्षरांइतके बिंदू, म्हणजे [..]. ही संख्या शेजारच्या ओळीतील तितक्याच रुंदीत किती अक्षरे मावतात यावरून काढावी. अंदाज बसत नसेल तर भोकाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. संशयित अक्षरापुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे ९?. मजकुराच्या आधाराने भरलेले अक्षर महिरपी कंसात. आपली दुसरी रक्कम मात्र केवळ [..] राहील, आणि १२॥ किंवा २०॥ ही चर्चा तळटीपेत जाईल.

युरोपीय पद्धतीत संशयित अक्षराखाली बिंदू देतात. देवनागरीत तो नुक्त्यासारखा दिसतो, म्हणून मी टाळतो.

पारोळ्याची वाचक
आमच्या जुन्या सातबाऱ्यावरही चहाचा डाग आहे. तो ब्लीचिंग पावडरने निघेल का?

मोडीवाचक, धुळे
ताई, कृपया तसे करू नका. डाग फिका होईल, पण कागदही कमकुवत होईल आणि लिहिलेले फिकट पडू शकेल. प्रश्न इथे डाग काढण्याचा नाही, त्याखालचे प्रामाणिकपणे नोंदवण्याचा आहे. बुरशी ताजी, मऊ व केसाळ दिसत असेल तर तो कागद बाकीच्यांपासून वेगळा ठेवून, मास्क लावूनच हाताळा.

अमळनेरकर
आभारी आहे. लाल वाहिनीत पाहिल्यावर चौथा आकडा स्पष्ट दिसला, तो ९च आहे. म्हणजे आता भोकात १२॥ लिहिता येईल ना?

मोडीवाचक, धुळे
येईल, पण महिरपी कंसात, आणि "बेरजेवरून" ही टीप जोडूनच. शिवाय भोकाची रुंदी दोन अंक आणि दोन रेघा मावतील एवढी आहे का, हे आधी मोजावे.

अमळनेरकर
मोजली. पहिल्या ओळीतील १२॥ जेवढी जागा घेते, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश भोक आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शाईचा मागमूस नाही.

आडत बाजार
मग दिवाणजींनी आकडे दाटून लिहिले असतील.

मोडीवाचक, धुळे
असतील, किंवा बेरजेत हातचा चुकला असेल. त्याच हाताची पाच-सहा पाने ताडून पाहावीत. तोवर [..] ठेवावे.