मदत हवी आहे: रोजच्या रिजेक्शन रिपोर्टला कोणता चार्ट लावावा?

आलेख_चाकण
सहा मशीनिंग लाईन्सचा रिजेक्शन रिपोर्ट रोज सकाळच्या मीटिंगला जातो. एक्सेलमध्ये करतो, ए-फोरचं एकच पान. सध्या त्यावर उत्पादनाचे स्तंभ आहेत, त्यावरूनच दुसऱ्या अक्षावर सहा रंगांत सहा लाईन्सचं रिजेक्शन आणि कोपऱ्यात दोषांचा पाय चार्ट. उद्दिष्ट २.५ टक्के, त्याच्या वर गेलं की आकडा लाल होतो. प्लँट हेडना नेमकं कुठे बघायचं ते कळत नाही.

लाईन ३ चे १२ दिवस (टक्के): २.१, २.६, १.९, २.४, २.८, २.२, २.५, १.८, २.३, २.७, २.०, २.४. रोज साधारण ८०० नग. यात कल आणि अपवाद पटकन दिसायला काय करू?

विनय_एमआयएस
चार्ट काढूनच टाका. लाईन्स उभ्या, तारखा आडव्या असा तक्ता करून कंडिशनल फॉरमॅटिंगने हिरवा-पिवळा-लाल रंग द्या. चार्ट हवाच असेल तर सरासरी अधिक तीन STDEV अशी रेघ मारा, त्यावरचे बिंदू अपवाद.

सुनीता_क्यूए
विनय, रेघ मारायची कल्पना बरोबर आहे, पण STDEV इथे दगा देतो. समजा पुढचे दोन दिवस ४.६ आणि ४.८ आले. चौदाही दिवस धरून सरासरी २.६५ आणि STDEV ०.९२ येतो, म्हणजे रेघ ५.४ वर. दोन्ही वाईट दिवस रेघेच्या आतच राहिले, कारण त्यांनीच ती वर ढकलली.

त्याऐवजी लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक घ्या. आलेख यांच्या १२ दिवसांची सरासरी २.३१ आणि फरकांची सरासरी ०.५२ आहे. तिला २.६६ ने गुणलं की १.३८. वरची मर्यादा ३.६९, खालची ०.९३. ४.६ चा दिवस आला की त्याच सकाळी तो बाहेर दिसेल.

आता तुमचे लाल आकडे बघा: २.६, २.८, २.७. बारापैकी तीन दिवस लाईन इन्चार्जला "काल काय झालं?" विचारलं गेलं असणार, आणि वेगळं काहीच झालेलं नव्हतं. ही लाईन आज जशी चालते तशी चालली तर ३.५ सुद्धा एखाद्या दिवशी येऊ शकतो. उद्दिष्टाचा आकडा लाईनच्या रोजच्या चढउताराच्या मधोमध बसलाय, म्हणून लाल रंगाला अर्थ उरलेला नाही. रंगीत तक्त्यातही हेच होईल.

A मध्ये तारीख आणि B मध्ये टक्के, दुसऱ्या ओळीपासून:

```
C3: =ABS(B3-B2)
F1: =AVERAGE(B2:B13)
F2: =F1+2.66*AVERAGE(C3:C13)
F3: =MAX(0,F1-2.66*AVERAGE(C3:C13))
D2: =IF(OR(B2>$F$2,B2<$F$3),B2,NA())
```

C आणि D खालपर्यंत ओढा. D ही वेगळी सिरीज म्हणून लावा, रेघ नको, फक्त मार्कर. #N/A चा मार्कर उमटत नाही, त्यामुळे फक्त अपवादाच्याच दिवशी खूण दिसते.

आलेख_चाकण
खूप आभार. दोन शंका. मर्यादा रोज नव्याने काढायच्या का? आणि २.६६ कुठून आला?

सुनीता_क्यूए
रोज काढू नका. सूत्रात B2:B13 मुद्दाम बांधून ठेवलंय. रोज काढल्या तर रिजेक्शन हळूहळू चढताना मर्यादाही सोबत चढतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. २० दिवस झाले की एकदा नीट काढून गोठवा. नवीन फिक्श्चर किंवा टूल बदलून पातळी खरोखर बदलली, तर त्या तारखेपासून नवीन मर्यादा, आणि चार्टवर तिथे रेघ तोडून दाखवा.

२.६६ म्हणजे ३ भागिले १.१२८. दोन-दोन वाचनांच्या फरकावरून पसाऱ्याचा अंदाज काढताना हा १.१२८ येतो.

कल बघायला एक नियम पुरे: लागोपाठ आठ दिवस सरासरीच्या एकाच बाजूला. एकही बिंदू बाहेर नसला तरी पातळी सरकली असं धरून शोध घ्या. "तीन दिवस वाढतंय" याला कल म्हणू नका.

डिस्पॅच_नाशिक
आमच्याकडे गाड्या वेळेवर सुटण्याची टक्केवारी असते. हाच चार्ट लावला, तर वरची मर्यादा शंभरच्याही वर जाते. सूत्र चुकलंय का?

सुनीता_क्यूए
रोज किती गाड्या?

डिस्पॅच_नाशिक
पाच-सहा.

सुनीता_क्यूए
मग सूत्र बरोबर आहे, टक्केवारी चुकीची आहे. सहातली एक गाडी उशिरा सुटली की थेट १६.७ टक्के. तुम्हाला दिसतोय तो भागाकाराचा धक्का. आठवड्यात किती गाड्या उशिरा सुटल्या तो आकडा मांडा, मग उड्या कमी होतील. आलेख, तुमच्याही एखाद्या लाईनवर रोज ४०-५० नगच निघत असतील तर तिला हेच लागू.

प्रिंट_आणि_पान
मांडणीबद्दल. सहा लाईन्स एकाच चार्टमध्ये नकोत, त्या एकमेकींना झाकतात. सहा छोटे चार्ट करा, दोन स्तंभ तीन ओळी, सगळ्यांचा उभा अक्ष ० ते ६ असाच बांधून. एक्सेलला स्वतः ठरवू दिलं तर शांत लाईनचा चार्टही डोंगरदऱ्यांसारखा दिसतो आणि नजर भलतीकडे जाते. आतल्या आडव्या रेघा काढून टाका, मर्यादा फिक्या करड्या, रोजची रेघ गडद. रंगांची यादी नको, लाईनचं नाव चार्टच्या डोक्यावर.

रविवारी लाईन बंद असेल तर अक्षावर मोकळी जागा राहते. Format Axis मध्ये Axis Type ला Text axis निवडा. आणि मीटिंगला पान काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवरून निघत असेल तर लाल बिंदू करडा होऊन रेघेत हरवतो. अपवादाला मोठा पोकळ चौकोन द्या, तो झेरॉक्समध्येही टिकतो.

उत्पादनाचे स्तंभ वेगळे करा. दुसऱ्या अक्षाचं माप बदललं की रेघ स्तंभांना कुठेही छेदते, आणि त्या छेदण्याला अर्थ नसताना लोक तो लावतात. पाय चार्टऐवजी आडव्या पट्ट्या, मोठा दोष वर. पोरोसिटी आणि बोअर ओव्हरसाईज यांत १८ आणि २१ नगांचा फरक पायमध्ये डोळ्याला कळत नाही, पट्टीत लगेच कळतो. एक्सेल पट्ट्या उलट्या लावतं, म्हणून Categories in reverse order टिक करा. पट्ट्या कायम शून्यापासून.

विनय_एमआयएस
STDEV बद्दल पटलं. पण उद्दिष्टाची २.५ ची रेघ चार्टवरून काढायला प्लँट हेड तयार होणार नाहीत. ग्राहकाला तोच आकडा दिलेला असतो.

सुनीता_क्यूए
माझ्या मते रेघ नकोच. ती दिसली की सगळे पुन्हा तिच्याकडेच बघतात. उद्दिष्ट डोक्यावर लिहा: "लाईन ३, सरासरी २.३, उद्दिष्ट २.५".

प्रिंट_आणि_पान
इथे मी सहमत नाही. सरासरीच उद्दिष्टाच्या वर असलेल्या लाईनवर ती रेघ हवी. तिथे एकही अपवाद नसतो आणि तरी काम करायचं असतं, ते रेघेशिवाय दिसणार नाही. बारीक तुटक रेघ ठेवा.

आलेख_चाकण
आमची लाईन ५ अशीच आहे, सरासरी ३.१ आणि सगळे दिवस मर्यादेत. तिच्यावर तुटक रेघ ठेवून बघतो, बाकी पाचांवर फक्त डोक्यावर आकडा. महिनाभर दोन्ही पानं शेजारी लावून कोणत्या चार्टवर प्रश्न विचारले जातात ते टिपून इथे टाकेन.