बिबड्यांच्या जाहिरातीत ‘माल परत घेणार नाही’ लिहू का?

अमळनेरची बिबडेवाली: ज्वारीचे बिबडे विकते, ४०० रुपये किलो. पुण्याच्या ताईंनी दोन किलोचं सीओडी पार्सल दारातूनच परत पाठवलं, “आता नको” म्हणे. परत आला तो चुरा. सीओडी बंद करून ‘माल परत घेणार नाही’ एवढंच लिहू का?

जळगावचा वेफरवाला: बंद नका करू ताई. तुमचे जायचे १२० आणि यायचे १२० धरले तर २४० गेले, चुरा वेगळा. मी तेवढंच आगाऊ घेतो. जाहिरातीत किमतीच्या खालीच लिहा:

“दोन किलो ८०० + पाठवणी १२० = एकूण ९२०. आधी २४० यूपीआयने, उरलेले ६८० पार्सल घेताना. दारात नाकारलं तर २४० परत मिळणार नाहीत. आम्हाला पाठवता आलं नाही तर पूर्ण परत.”

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यावरच गिऱ्हाईक आगाऊ देतं. सीओडीचा आकार लावत असाल तर तोही त्या ९२० मध्येच दिसू द्या. दारात वीस-तीस जास्त मागितले की पार्सल उलटं फिरतं.

धुळ्याचा मसालेवाला: पटत नाही भाऊ. अनोळखी माणूस २४० कशाला पाठवेल? मी काळा मसाला पूर्ण सीओडीवर देतो. पाठवण्याआधी फोन करतो, उचलला नाही तर पार्सल बांधतच नाही. अन् खायचा माल परत घ्यायचा नसतोच, तेवढी ओळ पुरे.

रावेरची नियमवाली: फोनचं बरोबर, ओळीचं अर्धंच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बाजारपेठी साइटवरच्या विक्रेत्याला सदोष किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘चव आवडली नाही म्हणून परत नाही’ लिहा, खुशाल. तुटलेल्यासाठी वेगळी ओळ हवी: “२४ तासांत खोक्याचा आणि मालाचा फोटो पाठवा, बदली माल किंवा पैसे देऊ.” माल परत मागवूच नका, तो चुरा आणायला आणखी १२० कशाला?

नंदुरबारची मिरचीवाली: माझंच ऐका. मी सीओडीने साडी मागवली, म्हटलं बघून पैसे देऊ. पोऱ्या म्हणे आधी पैसे, मग उघडा. रंग भलताच निघाला!

रावेरची नियमवाली: मावशी, हेच कोणी लिहीत नाही. “पार्सल पैसे दिल्यावरच उघडता येईल” ही ओळ टाकली की दारातलं भांडण वाचतं.

धुळ्याचा मसालेवाला: एवढं वाचेल कोण? पहिल्या फोटोवरच मोठ्या अक्षरात टाका.

अमळनेरची बिबडेवाली: आगाऊ २४० घेऊन बघते. पण बिबडा म्हटला की दोन-चार तुटणारच. किती तुटले तर ‘तुटलेला माल’ धरायचा? चौथा हिस्सा लिहिलं तर चालेल?

जळगावचा वेफरवाला: मी वेफर्सना तसलं काही लिहीत नाही, फोटो बघून ठरवतो. त्यावरून भांडणंही झालीत.